पाणी बाधलं म्हणण्याआधी ताप मोजायला सांगा

"डॉक्टर मॅडम नमस्कार. माझा धाकटा लेक, वय २४, टांझानियात दार-एस-सलामला एका कंपनीत सीएनसी मशीनवर कामाला लागलाय, जाऊन १९ दिवस झाले. काल त्याचा मेसेज आला तो जसाच्या तसा पाठवते. 'आई पोट लई बिघडलंय, परवापास्नं दिवसातनं सातआठ वेळा जायलोय. इथलं पाणी मानवंना बहुतेक आणि कँटीनला जेवण पण मक्याच्या पिठाचा गोळाच असतोय. तू दिलेल्या गोळ्यातल्या दोन घेतलोय. अंग जरा कणकण करायलंय, बाकी ठीक. बाबांना सांगू नको.' मॅडम, त्याला पाणी बाधलंय काय? पुढच्या आठवड्यात गावातला एकजण तिकडं जाणार आहे, त्याच्याकडं चूर्ण, भडंग आणि आणखी गोळ्या देऊन पाठवू काय?"
– एक आई, खानापूर तालुका

अक्का, तुमचं पत्र वाचलं आणि सदराची वाट न बघता पत्राखालच्या नंबरवर मी लगेच फोन लावला. आता तुमच्या आणि लेकाच्या परवानगीनं सगळं इथं लिहितेय, कारण बेळगावच्या उद्यमबागेतनं, निपाणी-चिकोडीकडनं, तुमच्या खानापूरकडनं पोरं बाहेर गेलीत आणि असला मेसेज थोड्याफार फरकानं बऱ्याच घरात येतोय.

तुम्ही पाण्याचं विचारलं, पण माझी नजर अडकली ती "अंग जरा कणकण करायलंय" ह्या चार शब्दांवर. टांझानियासारख्या देशात जाऊन आठवडा उलटून गेलेल्या माणसाला ताप आला, मग सोबत जुलाब असोत, उलटी असो, नुसती डोकेदुखी असो, तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करायची. जुलाब आहेत म्हणजे पोटाचाच ताप असणार असं धरून चालायचं नाही, कारण मलेरियातसुद्धा जुलाब आणि उलट्या होतात आणि नेमकं तिथंच माणूस फसतो. डास चावल्यापासून ताप यायला कमीत कमी सात दिवस लागतात, जास्त करून दहा ते पंधरा. तुमचा लेक जाऊन १९ दिवस झालेत म्हणजे हिशोबात बसतो. आणि तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो, तो एकदोन दिवसात मेंदूपर्यंत, किडनीपर्यंत जाऊ शकतो. वेळेत सापडला तर तीन दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो, म्हणून घाई.

मी एवढं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी निपाणीकडच्या एका बाई माझ्याकडं बसून रडत होत्या, त्यांचा मुलगा पूर्व आफ्रिकेतच होता. त्याला असेच जुलाब आणि बारीक ताप, खोलीतली पोरं म्हणाली पाणी बाधलं, सगळ्यांनाच होतं, आणि त्यानं चार दिवस इथनं नेलेल्या पोटाच्या गोळ्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी काळपट, मग उचलून हॉस्पिटलात नेला तर मलेरिया. वाचला पोरगा, पण नऊ दिवस ॲडमिट होता. त्या बाईंनी मला त्याचे सगळे मेसेज दाखवले आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक मेसेजात "जरा कणकण आहे" लिहिलेलं होतं. आईनं ते वाचलं होतं, पण तीन शब्दांवर कोण थांबतंय.

आता आपल्या फोनवर काय झालं ते सांगते. तुम्ही लेकाला जोडून घेतलात आणि पहिलं विचारलंत, "बाळा कसं हाय आता?" आणि तो म्हणाला, "बरं हाय आई." लांब असलेलं पोरगं आईला दुसरं काय सांगणार! म्हणून बाहेरगावच्या आजारी पोराला कसा आहेस विचारायचं नाही, आकडा विचारायचा. मी त्याला विचारलं सकाळपासून संडासला किती वेळा, तर नऊ वेळा. शेवटची लघवी कधी झाली, तर थोडा वेळ गप्प राहून म्हणाला सकाळी अकराला. रंग कसा होता, तर बिनदुधाच्या चहासारखा. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तिकडं अडीच तास मागं असतं म्हणजे सात, आठ तास झाले लघवी नाही. उभं राहिल्यावर चक्कर येते काय विचारलं तर हो. संडासात रक्त किंवा आव पडते काय विचारलं तर नाही, नुसतं पाणी. आणि ताप किती, तर थर्मामीटरच नाही! खोलीतल्या दुसऱ्या पोराकडचा मिळाला, लावून फोटो पाठवला, १०१.४. तर "बाकी ठीक" ह्या दोन शब्दांच्या आत एवढं सगळं होतं, अक्का.

म्हणून दोन कामं एकाच वेळी करायची ठरलं. कंपनीनं ठरवून दिलेल्या दवाखान्यात आत्ताच जायचं, सकाळची वाट बघायची नाही, आणि हातात ओआरएसची बाटली घेऊन जायचं, वाटेत पीत पीत. माझे धाकटे दीर दार-एस-सलामला ११ वर्षं होते, त्यांच्याकडनं ऐकून मला तिथल्या स्वाहिली भाषेतले कामापुरते शब्द येतात ते मी पोराला लिहून दिले. ताप म्हणजे होमा, "नीना होमा" म्हणजे मला ताप आहे. पोटाला तुंबो म्हणतात, जुलाब होण्याला कुहारा, रक्ताला दामू. औषधाचं दुकान म्हणजे "दुका ला दावा", आपलं दुकान आणि दवा हे दोन शब्द त्यात सरळ दिसतात. आणि रिक्षाला तिकडं बजाजी म्हणतात, तीच पकडून तो खोलीतल्या मित्राला घेऊन गेला.

आता ओआरएसचं जरा निवांत सांगते, कारण ह्यात बहुतेक घरात चुकतंय आणि तुमच्या लेकाचंही चुकलं होतं. तुम्ही त्याला पाकिटं दिली होती ते फार चांगलं केलंत. पण ते पाकीट होतं एक लिटरचं आणि हा बाबा अर्धं पाकीट एका ग्लासात घालून पीत होता, जास्त घट्ट म्हणजे जास्त ताकद असं समजून. त्याचं उलटं होतं. घट्ट पाणी आतड्यात गेलं की ते अंगातलं पाणी आतड्यात ओढून घेतं आणि जुलाब वाढतो. पाकिटावर एक लिटर लिहिलंय तर पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, २०० मिली लिहिलंय तर एक छोटा ग्लास, मधला हिशोब करायचाच नाही. पाणी उकळून गार केलेलं किंवा सीलबंद बाटलीतलं. एकदा कालवलं की परत उकळायचं नाही आणि २४ तासांनी उरलेलं ओतून टाकायचं.

ह्यात साखर आणि मीठ दोन्ही का लागतं तेही सांगते, कारण नुसतं पाणी ढोसणारे पण लई आहेत. जुलाब लागलेल्या आतड्यात नुसतं मीठ नीट शोषलं जात नाही, पण साखरेबरोबर गेलं तर आतड्याच्या भिंतीतलं एक दार उघडं राहिलेलं असतं, त्यातनं साखर आणि मीठ जोडीनं आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी हेच पाणी पिंपात कालवून लोकांना पाजलं, तिथं शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती ती चारच्याही खाली आली. सलाईन फक्त अगदी गळालेल्यांना, बाकी नुसत्या पाजण्यानं. मला आजही पेशंटला ओआरएस लिहून देताना हे आठवतं, कारण पेशंटला ते औषध वाटतच नाही, इंजेक्शन द्या म्हणतो.

आणि अक्का, दोन दिवस ओआरएस प्यायला तरी जुलाब थांबेना म्हणून ते सोडून द्यायचं नाही, ते जुलाब थांबवण्यासाठी नाहीच मुळी. जुलाब आपल्या वेळेनं थांबतो, तोवर अंगातलं पाणी टिकवायचं काम त्याचं. तुमच्या लेकाचं अंग आधीच सुकलं होतं म्हणून त्याला पहिल्या चार तासात दोन सव्वादोन लिटर पोटात जाऊ दे म्हटलं, पण एका दमात नाही, दोन-दोन घोट सारखे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत घोट घोट सुरू करायचं. त्यानंतर प्रत्येक जुलाबामागं एक-दोन ग्लास. पुरलं की नाही हे लघवीवरनं कळतं, चारसहा तासात लघवी झाली आणि रंग फिका पिवळा आला की समजायचं पाणी भरलं. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा, पाच मिलीचा, आणि चमच्यावर ढीग नको. चव घेऊन बघायची, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालंय, ते ओतून द्या आणि परत करा. थंड पेयाची बाटली किंवा एनर्जी ड्रिंक हे ओआरएस नव्हे, त्यात साखर एवढी असते की जुलाबात भर पडते.

गोळ्यांचं. तुम्हाला नाव आठवत नव्हतं, मेडिकलवाल्यानं "संडास बंद व्हायची" म्हणून दिली होती. पोरानं स्ट्रिपचा फोटो पाठवला तर ती लोपेरामाइड. ती गोळी वाईट नाही, ताप नसेल, रक्त नसेल आणि लांबचा बसप्रवास असेल तर मी स्वतः देते. पण ती आतड्याची हालचाल मंद करते एवढंच, जंतू मारत नाही. ताप किंवा रक्त असताना घेतली तर जी घाण शरीर बाहेर टाकायला बघतंय ती आतच कोंडून राहते. म्हणून तिसरी घेऊ नको म्हटलं. तुमच्यावर मी मुळीच रागावलेली नाही अक्का, तुम्ही काळजीनंच दिलात. पण बिननावाच्या गोळ्या लेकराच्या बॅगेत घालू नका. तिथल्या डॉक्टरनं काय घेतलास विचारलं तर पोरगं "पिवळी गोळी" म्हणणार, त्यातनं त्या डॉक्टरला काय कळणार?

दवाखान्यात काय झालं ते त्यानं रात्री कळवलं. बोटाला टोचून एक थेंब रक्त घेऊन पट्टीवर टाकतात, पंधरावीस मिनिटात मलेरियाचं उत्तर येतं, तिकडं छोट्या छोट्या दवाखान्यातसुद्धा ही पट्टी असते आणि खर्च जास्त नसतो. पट्टी निगेटिव्ह आली. तुम्ही देवापुढं साखर ठेवलीत, पण मी तेव्हाच सांगितलं होतं की एका निगेटिव्हवर सोडायचं नाही. सुरुवातीला रक्तात मलेरियाचे जंतू थोडे असले तर पट्टीत सापडत नाहीत, म्हणून ताप राहिला तर १२ ते २४ तासांनी परत तपासायचं, आणि तरीही राहिला तर तिसऱ्यांदा. त्याचा ताप दुसऱ्या दिवशी सकाळी १०० होता म्हणून परत पाठवला, परत निगेटिव्ह, ह्यावेळी काचेवर रक्त घेऊन मायक्रोस्कोपखाली पण बघितलं. मग तिथल्या डॉक्टरांनी पोटातल्या जंतूंचा ताप धरून ॲझिथ्रोमायसिन ५०० ची रोज एक अशी तीन दिवस दिली. हे वाचून कुणी आपल्या पोराला ॲझिथ्रोमायसिन कळवू नका. साधा पाण्यासारखा जुलाब, ताप नाही, रक्त नाही, तर तो बहुतेक तीन ते पाच दिवसात अँटिबायोटिकशिवायच थांबतो. ह्याला ताप होता आणि मलेरिया दोनदा बघून झाला होता, म्हणून दिली. तिसऱ्या दिवशी ताप गेला, चौथ्या दिवशी जुलाब दोनावर आला.

आता तुमचा मूळ प्रश्न, पाणी बाधलं काय.

आपण म्हणतो गावचं पाणी बदललं, पोट बिघडलं. पाण्याच्या चवीनं किंवा जडपणानं असं दिवसातनं नऊ वेळा होत नाही. माणसाच्या संडासातले जंतू पाण्यातनं, हातातनं, अन्नातनं तोंडात गेले की होतं, आणि बाहेर गेलेल्या माणसाला होणाऱ्या जुलाबात सगळ्यात जास्त वेळा ई-कोलायची एक जात सापडते. तुमच्याकडंच बघा ना, पहिला पाऊस झाला की विहिरीचं पाणी लाल होतं आणि आठवड्यात निम्म्या गावाचं पोट बिघडतं, ते पाणी काय परदेशचं असतं काय? तेच हे. मग तिथल्याच पोरांना का होत नाही असं तुमचा लेक म्हणाला, तर ती लहानपणापासून त्या जंतूंशी झुंजून तयार झालेली आहेत, ह्याचं शरीर अजून नवखं आहे. काही महिन्यात ह्याचंही थोडं तयार होईल, पूर्ण नाही.

तुमचा सगळा राग त्या मक्याच्या गोळ्यावर होता. त्याला उगाली म्हणतात, उकळत्या पाण्यात पीठ घालून घोटून घोटून घट्ट करतात आणि गरम गरमच वाढतात, आपल्याकडं कानडी घरात नाचणीचं मुद्दे करतात अगदी तसंच. एवढ्या उष्णतेत जंतू राहतच नाहीत, म्हणजे कँटीनच्या ताटात सगळ्यात निर्धोक तेच. मग मी पोराला म्हटलं आजार सुरू व्हायच्या आधीचे तीन दिवस आठव, काय काय तोंडात गेलं सगळं सांग, पाण्याच्या घोटापासून. पहिल्यांदा म्हणाला काही नाही मॅडम, कँटीनचंच. मग हळूहळू निघालं. रविवारी बाजारात उसाचा रस, बर्फ घालून. उगालीबरोबर कचुंबारी, म्हणजे आपली कांदा-टोमॅटोची कचुंबरच, कच्ची, नळाच्या पाण्यानं धुतलेली. खोलीवर पिण्याचं पाणी उकळतात हे खरं, पण उकळून झाकणाच्या बादलीत ओततात आणि सहाजण त्यात मग बुडवून घेतात, मगाबरोबर बोटं पण बुडतात. दात घासायला मात्र नळच. आणि शनिवारी रात्री बेळगावची आठवण आली म्हणून भात जास्त लावला, उरलेला तसाच झाकून ठेवला आणि रविवारी सकाळी फोडणी घालून खाल्ला.

अक्का, उगाली त्याला नवी होती म्हणून तो भीत होता, आणि रस, कचुंबर, फोडणीचा भात ही घरची ओळखीची म्हणून बिनधास्त खात होता. धोका सगळा ओळखीच्यातच निघाला.

भाताचं वेगळं सांगायला पाहिजे, आपण सगळे भातखाऊ. शिजलेल्या भातातसुद्धा एका जंतूचं बी जिवंत राहतं आणि भात उष्ण हवेत रात्रभर बाहेर राहिला की ते वाढून विष सोडतं, ते विष सकाळच्या फोडणीनं मरत नाही. पण त्या विषाचा त्रास लवकर होतो, खाल्ल्यावर एक ते सहा तासात जोरात उलट्या, आणि एका दिवसात संपतो. तुमच्या लेकाला सुरू झालं मंगळवारी, उलटी एकदाच आणि तीन दिवस जुलाब, म्हणजे ह्यावेळी भात सुटला. रविवारचा बर्फ किंवा कचुंबारी किंवा ती बादली, ह्या तिघातलं कोण ते आता शोधून सापडणार नाही आणि त्याची गरज पण नाही, तिन्ही बंद करायचे.

बर्फ नको म्हणायला "बिला बराफू", बर्फाला बराफूच म्हणतात म्हणून लक्षात राहील. पाणी उकळताना बुडबुडे खळाखळा आल्यावर पूर्ण एक मिनिट, दार-एस-सलाम समुद्राला लागून आहे तिथं तेवढं पुरतं, आणि मग बादलीत न ओतता त्याच भांड्यात झाकून, नाहीतर तोटीच्या कॅनमध्ये, म्हणजे कुणाचा हात बुडायला नको. दात घासायला तेच पाणी. कचुंबारीच्या जागी सोलून खायची फळं, केळी, संत्री, स्वतःच्या हातानं सोललेली, कापून ठेवलेली नकोत. उरलेला भात फ्रिजमध्ये तासाभरात, फ्रिज नसेल तर मोजकाच लावायचा. आणि ह्याला जुलाब आहेत तोवर आणि थांबल्यावर आणखी दोन दिवस ह्यानं सहाजणांचा स्वयंपाक करायचा नाही, साबणानं हात धुतले तरी नाही. पुढच्या आठवड्यात त्याची पाळी होती, मित्रानं घेतली.

खायचं बंद करू नको म्हणून तुम्ही त्याला सांगितलंत ते बरोबर. मी फक्त म्हटलं पेज कर, मऊ भाताची, मीठ घालून, ती आईच्या घरची पण वाटेल आणि अंगात पाणी पण जाईल. तिकडं सकाळी उजी मिळते, ती मक्याची किंवा नाचणीची पातळ लापशी, आपल्या आंबिलीची बहीण म्हणा, गरम असेल तर खुशाल घे. दूध आणि दुधाचा चहा मात्र आठवडाभर कमी, जुलाबानंतर आतड्याला दूध पचवायचा रस तयार करायला वेळ लागतो, दूध प्यायला की परत पोट फुगतं आणि माणसाला वाटतं आजार उलटला.

आता त्या जाणाऱ्या माणसाकडं काय द्यायचं. चूर्ण देऊ नका, बहुतेक पोटाच्या चूर्णात पोट साफ करायचं औषध असतं, जुलाबात ते म्हणजे जखमेवर मीठ. डिजिटल थर्मामीटर द्या. एक लिटरची ओआरएसची दहा पाकिटं द्या, घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय बघून घ्या. डासाचं मलम द्या. त्याच्या खोलीत मच्छरदाणी आहे पण गरम होतंय म्हणून गुंडाळून ठेवलीय असं तो बोलता बोलता म्हणाला, तर मला बाकी सगळ्यापेक्षा तेच जास्त लागलं, मलेरियाचा डास रात्रीच चावतो, त्याला मच्छरदाणी सोडायला लावा, रोज रात्री फोटो मागवा म्हटलं तरी चालेल. आणि भडंग द्या हो, भरपूर द्या, पण दोन आठवड्यांनी फोडायला सांगा, मिरची लसूण आत्ता नको.

पुढं काय बघायचं ते पण लिहून ठेवा. पंधरा दिवसांनंतरही पातळ होत राहिलं, पोट फुगतंय, ढेकर कुजक्या अंड्यासारखे येताहेत, संडास तेलकट आणि पाण्यावर तरंगतंय, वजन उतरतंय असं झालं तर तो जिआर्डिया नावाचा दुसराच जंतू असू शकतो, त्याला संडासाची तपासणी आणि वेगळी गोळी लागते, ॲझिथ्रोमायसिननं तो जात नाही. मध्येच रक्त पडलं, घोटभर पाणी पण पोटात ठरेना, आठ तास लघवी नाही, बोलताना बरळायला लागला, ह्यातलं एक जरी झालं तरी त्याच तासाला दवाखाना, मग रात्रीचे दोन असोत.

बाबांना सांगितलंत ते बरं केलंत, फोनवर त्यांचा आवाज ऐकूनच पोरगं खरं बोलायला लागलं होतं.

आणि एक. तो सुट्टीला घरी येईल आणि आल्यावर महिन्यात, दोन महिन्यात कधीही ताप आला तर बेळगावात किंवा खानापुरात ज्या डॉक्टरकडं जाल तिथं पहिलं वाक्य "हा टांझानियातनं आलाय, मलेरिया तपासा" असं असू दे, ताप कितीही साधा वाटला तरी. इथल्या डॉक्टरच्या डोक्यात पावसाळ्यात आधी डेंग्यू येतो, आफ्रिका आपण सांगितल्याशिवाय येत नाही. काल सकाळी त्यानं मला मेसेज टाकलाय, "मॅडम ताप ९८.२, लघवी पाच वेळा, जुलाब एक, मच्छरदाणी सोडलोय." आता आकड्यात बोलतोय.